अमळनेरचा रिसेट

टीव्ही दुरुस्तीचं काम करतो, अमळनेर आणि आजूबाजूची गावं. नव्वद टक्के कॉल ठरलेले असतात, पडद्यामागची एलईडी पट्टी गेली, पॉवर बोर्ड गेला, नाहीतर व्होल्टेज वरखाली होऊन काहीतरी उडालं. त्यामुळे फोनवरच अर्धं निदान करायची खोड लागलीय आणि तीच त्या दिवशी नडली.

नानांचा फोन आला. 2015 चा 32 इंची स्मार्ट टीव्ही, यूट्यूब दहा वेळा उघडलं की एकदा चालायचं. मी गाडीवर होतो, म्हटलं, "नाना, सेटिंगमधून फॅक्टरी रिसेट मारा." तासाभरात परत फोन, आता यूट्यूब दिसतच नाही.

गेलो घरी. दारातच आजी, "भाऊ, मना कीर्तन काय व्हयनं?" मी आत जाऊन बघितलं तर अ‍ॅप स्टोअर म्हणतंय सर्व्हरशी कनेक्ट होत नाही. या मॉडेलात यूट्यूब टीव्हीत कायमचं बसवलेलं नसतं, रिसेटनंतर कंपनीच्या सर्व्हरवरून परत उतरवावं लागतं, आणि कंपनीने त्या मॉडेलचे अपडेट कधीचे बंद केलेले. म्हणजे जे लंगडत का होईना चालत होतं, ते मीच पुसायला लावलं.

वायफाय आधी तपासलं. टीव्हीची नेटवर्क टेस्ट पास, मोबाईलचा हॉटस्पॉट देऊन बघितला तरी तेच, म्हणजे राऊटरचा दोष नाही. मग तारीख बघितली, रिसेटनंतर 1 जानेवारी 2015 झाली होती. हे बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही, पण तारीख चुकीची असली की सुरक्षित साईट उघडतच नाहीत, कारण साईटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र, टीव्हीच्या हिशोबाने अजून सुरूच झालेलं नसतं. खूपदा एवढ्यावर काम फुकटात होतं. इथे तारीख बरोबर केल्यावर ब्राउझरमध्ये काही साईट उघडल्या, काहींवर सर्टिफिकेटचीच एरर.

त्याचंही कारण आहे. टीव्हीच्या पोटात विश्वासाच्या सर्टिफिकेटांची एक यादी असते आणि ती फक्त अपडेटमधूनच बदलते. बऱ्याच साईट ज्याच्यावर टेकलेल्या होत्या ते DST Root CA X3 नावाचं जुनं सर्टिफिकेट 30 सप्टेंबर 2021 ला संपलं, फोनच्या यादीत नवं आलेलं होतं, या टीव्हीला ते देणारा कोणीच उरला नव्हता. पॅनल झकास, आवाज झकास, एक डाग नाही, आणि यादी शिळी म्हणून टीव्ही भंगारात? आमच्या लाईनीतला एक दुकानदार नानांना तेच सांगून गेलेला, नवीनच घ्या म्हणून. त्याला विकायचाय ना भो.

मी सांगितलं, हा टीव्ही आता फक्त पडदा समजा, डोकं बाहेरून लावू. एचडीएमआयला लावायची स्ट्रीमिंग स्टिक. 4 केची नको म्हटलं, पडदाच 1366 बाय 768 चा आहे, साधी फुल एचडीवाली पुरते. नाना म्हणे बाजारात स्वस्तातला अँड्रॉइड बॉक्स मिळतो, तो मी नाही लावू दिला. त्यातल्या बऱ्याच बॉक्सना नेटफ्लिक्ससारख्या अ‍ॅपची मान्यता नसते, अ‍ॅप चाललं तरी चित्र 480 वर अडकतं, आणि अपडेटची बोंब पुन्हा तीच.

स्टिक लावली, भिंतीला प्लग मोकळा नव्हता म्हणून करंट टीव्हीच्याच यूएसबीतून दिला. कीर्तन सुरू झालं, आजी खुश, मी चहा घेतला आणि पाचव्या मिनिटाला पडदा काळा, परत लोगो. पुन्हा तसंच. आता हे मला माहीत असायला हवं होतं, टीव्हीचा यूएसबी बहुतेक अर्धा अँपिअरच देतो, स्टिकला साधारण एक लागतो, व्हिडिओ चालू झाला की ती दम टाकते. आळस माझा. एक्स्टेन्शन बोर्ड आणून सोबतचा अडॅप्टर लावला, मग तासभर एकदाही बंद पडली नाही. टीव्हीच्या मेनूत सीईसी चालू केलं, म्हणजे स्टिकच्या रिमोटचं होमचं बटण दाबलं की टीव्हीही चालू होतो, आजीला दोन रिमोट नकोत.

सगळं झालं. मग आजी विचारते, मी पाहत होते ते बाबा कुठे गेले? जुन्या टीव्हीवर लॉगिन कधी कोणी केलंच नव्हतं, सगळी हिस्ट्री टीव्हीतच होती. रिसेटने ती गेली. लॉगिन असतं तर अकाउंटवर राहिली असती, नाना म्हणे असू दे, पण मला नाही ते बरं वाटलं. पुण्याच्या मुलाच्या अकाउंटने लॉगिन करून दिलं, आता पुढचं तरी टिकेल. व्हिजिटचे पैसे घेतले नाहीत.

आता फोनवर कोणालाही आधी विचारतो, टीव्ही कोणत्या सालचा आणि लॉगिन आहे का. रिसेट हा शब्द तोंडातून काढत नाही.

मी निघालो तेव्हा आजी रिमोट तोंडाजवळ धरून व्हॉइस सर्चला अहिराणीत समजावत होती, फेटावाला, जाड आवाजना, पंढरपूरना नही, दुसरा.