हजार चंद्र, चौदा शुभेच्छा आणि आजीचा हुंकार

पहिल्या तालमीला मला आजीचा कान दिसला. कानातली कुडी, पांढऱ्या केसांची एक बट आणि मागे गरगरणारा पंखा. व्हिडिओ कॉल असला तरी फोन कानालाच लावायचा, हा तिचा हिशोब.

निमित्त होतं आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, त्यामुळे हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षं आणि वर दहा महिने लागतात. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून पंचवटीतल्या घरी गुरुजी येऊन छोटी पूजा करणार आणि नातेवाइकांनी शुभेच्छा लिहून पाठवायच्या, असं ठरलं. मला पुण्याहून रजा मिळाली नाही. मग त्या शुभेच्छा गोळा करून व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम.

तालमीत पहिली शुभेच्छा वाचली. आजोबा म्हणाले, "छान, छान." दुसरी वाचली. "छान, छान." तिसऱ्या वेळी मी मुद्दाम विचारलं, "आजोबा, कोणाची होती?" ते हसले आणि आजीकडे बघायला लागले. आजोबांचं 'छान' म्हणजे 'ऐकू आलं नाही', हे मला त्या दिवशी कळलं. ऐकू आलं असतं तर त्यांनी हमखास काहीतरी उलट विचारलं असतं.

पूजेच्या आधीच्या रविवारी मी नाशिकला जाऊन आले, हे फार बरं झालं. पुण्यात बसून जे 'नेटवर्कचा प्रॉब्लेम' वाटत होतं, त्यातलं निम्मं नेटवर्कचं नव्हतंच.

कॉल उचलण्यापासूनच घोळ होता. फोन लॉक असताना व्हॉट्सॲपचा कॉल आला की पूर्ण स्क्रीनभर दिसतो आणि खालचं बटण वर सरकवावं लागतं. फोन उघडा असेल तर तोच कॉल वर एका पट्टीत येतो आणि तिथे घ्यायचं बटण नुसतं दाबायचं असतं. आजी पट्टी सरकवायची आणि बटण दाबून धरायची, म्हणजे बरोबर उलट. दोन्ही पद्धती शिकवण्यापेक्षा मी एकच नियम ठेवला: सकाळी साडेदहानंतर फोनला हात लावायचा नाही. तो लॉक होऊन पडलेला असला की कॉल कायम एकाच रूपात येतो. त्यातही तिचं बोट स्क्रीनला कळेना. उतारवयात बोटांची कातडी कोरडी पडते आणि स्क्रीन दाद देत नाही. यावर उपाय तिनेच काढला. पोथीचं पान उलटताना करते तसं तिने वाटीतल्या पाण्यात बोट टेकवलं, पदराला पुसलं आणि बटण सरकवलं. पहिल्या फटक्यात!

आजोबा नेहमी खिडकीला पाठ करून बसतात, त्यामुळे मला त्यांच्या जागी काळी सावली दिसायची. खुर्च्या फिरवल्या, उजेड तोंडावर घेतला. फोन टेकवायला आधी पितळी तांब्या ठेवला, तो घसरला. शेवटी डाळीचा उंच डबा आणि पुढे फोन अडवायला घडी घातलेला नॅपकिन, हे जमलं. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आला आणि हात मोकळे राहिल्यामुळे चुकून माइक बंद होणंही थांबलं.

खरा गुंता आवाजाचा होता. वयानुसार आधी बारीक, तीक्ष्ण आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त यांसारखी अक्षरं पुसट होतात आणि 'सात' की 'हात' हे कळत नाही. मी ओरडले की स्वर तेवढे मोठे व्हायचे, ही अक्षरं होती तशीच. म्हणून ओरडणं सोडलं. आवाज थोडा खाली, वेग निम्मा आणि माझे ओठ दिसतील असा फोन.

तरी वाक्यांची सुरुवात गायब व्हायची. समोर बसून बघितलं तेव्हा कारण कळलं: आजीचा हुंकार. ती दर चार शब्दांनी "हं... हं... बरं गं" म्हणते. फोन स्पीकरवर असला की आवाज घुमू नये म्हणून तो तिचं बोलणं सुरू होताच माझा आवाज दाबतो. तिच्या प्रत्येक 'हं'ला माझे दोन शब्द जात होते. मी म्हटलं, "आजी, मध्ये बोलू नकोस, नुसती मान हलव." ती म्हणाली, "हुंकाराशिवाय कसं ऐकायचं? समोरच्याला वाटेल झोपलो." शेवटी तडजोड झाली. एक शुभेच्छा संपली की मी थांबणार, तेव्हा तिने पोटभर हुंकार द्यायचा.

आणि कागद. हे मला आधी सुचायला हवं होतं. आजोबा नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून रिटायर झालेत, छापलेलं तपासण्यात नोकरी गेली. त्यांचे कान थकलेत, डोळे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ठणठणीत आहेत. तोवर आलेल्या बारा शुभेच्छा मी मोठ्या टायपात, एका पानावर तीन अशा छापून घेतल्या. प्रत्येकीला क्रमांक, मग कोणाची ते नातं, मग मजकूर. लांबलचक मजकूर कापून दोन-तीन वाक्यांवर आणला. फॉरवर्ड केलेले सुविचार सरळ गाळले, त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. आत्याने अकरा दिव्यांची चित्रं पाठवली होती, तिथे लिहिलं, 'अकरा दिवे लावलेत.'

पूजेच्या दिवशी अकराला कॉल केला. दुसऱ्या रिंगला दोघं समोर दिसले, आजोबांच्या मांडीवर चार पानं आणि हातात पेन्सिल. मी म्हटलं, "क्रमांक एक. धुळ्याची मावशी." थांबले. आजोबांचं बोट एकवर गेलेलं दिसलं, मग वाचलं. ते ओळीवरून बोट फिरवत होते आणि मी त्या बोटाच्या वेगाने वाचत होते. चौथीला त्यांनी मला थांबवलं. "हा ओझरचा? याने माझी सायकल नेली होती, विचार त्याला." पाचवीला आजी रडली. तिथे मी काही न बोलता थांबले, कारण बोलले असते तर तिचंच रडणं तुटक ऐकू आलं असतं.

सातवीच्या मध्ये चित्र गोठलं. मी माझा कॅमेरा बंद केला, आवाज लगेच सुधारला. ओठ दिसत नव्हते, पण कागद होताच.

तेरावी आणि चौदावी आदल्या रात्री आल्या होत्या, त्या कागदावर नव्हत्या. तितक्याच सावकाश वाचल्या. दोन्हींना "छान, छान" मिळालं. आजीने कानाशी जाऊन पुन्हा सांगितल्या, तेव्हा कुठे त्यांनी विचारलं, "तो अजून नागपूरलाच आहे का?"

सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली. निरोप घेताना आजोबांनी पान उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं, इतकं जवळ की आधी नुसता पांढरा उजेडच दिसला. आजीने त्यांचा हात मागे ओढला. नऊ नंबरच्या ओळीत एका शब्दाभोवती पेन्सिलचा गोल होता.

"शतायुषी. ष पोटफोड्या. तू शहामृगाचा श छापलायस," ते म्हणाले. "दुरुस्त करून परत पाठव. आणि त्या राहिलेल्या दोन पण घाल त्यात."