अनामिका अडकते तेव्हा दोष तळहातात असतो

ऑक्टोबरची छाटणी उरकली आणि दिंडोरीच्या बागेतून नाशिकला परतल्यावर माझ्या उजव्या हाताची अनामिका सकाळी अडकायला लागली. उठल्यावर मूठ वळायची, पण उघडताना बाकीची बोटं सरळ व्हायची आणि ही मधल्या पेरात दुमडलेलीच राहायची. डाव्या हाताने उचलली की 'कट्' करून सुटायची. नऊ-दहा वाजेपर्यंत हात चालता झाला की काहीच नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, छाटणीवाल्या मजुरांची अशी बोटं तपासलेली आहेत. त्यामुळे काय झालंय ते कळलं, पण बरं व्हायला जवळपास तीन महिने गेले.

आपल्याकडे याला 'शीर अडकली' म्हणतात. अडकते ती शीर नसते, बोट वाकवणारा टेंडन असतो, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. तो तळहातातून बोटात जाताना एका नळीसारख्या आवरणातून सरकतो आणि हे आवरण हाडाला जागोजागी आडव्या पट्ट्यांनी बांधलेलं असतं. त्यातला पहिला पट्टा, ज्याला ए-१ पुली म्हणतात, बोटाच्या मुळाशी तळहातात असतो. छाटणीच्या कात्रीची मूठ नेमकी तिथेच रुतते. रोज हजारो वेळा दाब आणि घासणं झालं की पट्टा जाड होतो, त्याचा आतला थर कूर्चेसारखा टणक बनतो आणि भोक लहान होतं. घासून घासून टेंडनवरही फुगीर गाठ येते. पायजम्याच्या नाडीला गाठ असली की ती नेफ्याच्या तोंडाशी अडते, तसंच हे.

मग मूठ वळते, उघडत का नाही? वाकवणारे स्नायू दणकट असतात, ते गाठीला ओढून पट्ट्याच्या मनगटाकडच्या बाजूला नेतात. सरळ करणारे स्नायू त्यामानाने अशक्त, त्यांना ती परत ढकलता येत नाही. रात्री हात हलत नाही, आवरणात थोडं पाणी साचून सूज चढते, बोटंही वाकलेलीच असतात, म्हणून सकाळचा त्रास जास्त.

दुखतं मात्र मधल्या पेरात आणि तिथेच माणूस फसतो. पेराला मलम चोळण्यात, एक्स-रे काढण्यात दिवस जातात. अनामिकेसाठी तळहाताच्या वरच्या आडव्या रेषेवर अंगठा दाबून धरायचा आणि बोट हळू वाकवून सरळ करायचं. तिथे दुखलं आणि वाटाण्याएवढी गाठ अंगठ्याखालून सरकलेली लागली, तर जागा सापडली. माझी लागली. दुसऱ्या हाताने उचलूनही बोट सरळ होत नसेल आणि तळहातात कडक दोरीसारखं काही लागत असेल, तर तो आजार वेगळा.

आधी सहा आठवडे स्प्लिंट लावली. ती बोटाच्या मुळाचा सांधा जवळजवळ सरळ धरते आणि पुढची दोन पेरं मोकळी सोडते. मुळाशी वाकणं बंद झालं की टेंडनचं सरकणं कमी होतं, गाठ पट्ट्याखालून जात नाही आणि सूज ओसरायला वाव मिळतो. सबंध बोट जखडणारी पट्टी मी घेतली नाही, तिने मधलं पेर आखडतं. सकाळी झटका देऊन बोट सोडवणंही बंद केलं, कारण प्रत्येक 'कट्' गाठीला पुन्हा खरवडतं. त्याऐवजी पाच मिनिटं कोमट पाण्यात हात आणि पाण्यातच हळूहळू उघडझाप.

दुखणं निम्म्यावर आलं, अडकणं राहिलंच. मग हाडांच्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेतलं, ट्रायअॅमसिनोलोन १० मिलिग्रॅम आणि त्यात थोडं भुलीचं औषध. औषध आवरणात जायला हवं, टेंडनमध्ये नाही. सुई आत गेल्यावर डॉक्टरांनी बोटाचं टोक हलवायला सांगितलं. सुई बोटाबरोबर डोलली, म्हणजे टोक टेंडनमध्ये होतं. त्यांनी ती किंचित मागे घेतली, डोलणं थांबल्यावरच औषध सोडलं. दोन दिवस ठणकलं आणि तिसऱ्या आठवड्यात अडकणं थांबलं. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या इंजेक्शनाने काही दिवस साखर वाढते आणि गुणही कमी येतो.

इंजेक्शन एक-दोनदा घेऊनही त्रास परतला, किंवा बोट अडकून सुटेचना, तर पट्टा कापावा लागतो. फक्त जागा बधिर करून, तळहाताला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची चीर घेऊन ए-१ मोकळा करतात आणि टेबलावरच रुग्णाला बोट वाकवायला लावून अडकत नाही ना ते पाहतात. पुढचा ए-२ पट्टा मात्र जपावा लागतो. तो तुटला तर वाकवताना टेंडन धनुष्याच्या दोरीसारखा हाडापासून सुटून वर येतो आणि पकडीचा जोर जातो.

एप्रिलच्या खरड छाटणीला मी कात्रीच्या मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन वेढे दिले आणि मूठ रेषेवर न टेकवता बोटांच्या पेरांकडे सरकवून धरली. दर अर्ध्या तासाला हात बदलत होते. त्या रेषेवर अंगठा दाबला तर गाठ अजून हाताला लागते, पण सरकताना अडत नाही.