लग्नाच्या दहाव्या वाढदिवशी, फलटणच्या तळावरून

आज आपल्या लग्नाला दहा वर्षं झाली आणि मी फलटणला विमानतळाच्या मैदानावर, दिंडीच्या तंबूत वळकटीला टेकून बसले आहे. सकाळी तुझा फोन आला तेव्हा टाळ-मृदंगाच्या गजरात अर्धं बोलणं ऐकूच आलं नाही. म्हणून लिहिते आहे. उद्या बरडचा मुक्काम, वाट तशी लहान आहे, त्यामुळे आज थोडं जागले तरी चालेल.

आईंचं ऑपरेशन झालेलं, त्यांच्याजवळ कुणीतरी हवंच होतं. तू म्हणालास, "मी थांबतो, तू जा." एवढंच. माझी बॅग मात्र तूच भरलीस. बाजूच्या कप्प्यात चिकटपट्टी, सुई आणि जंतुनाशकाची छोटी बाटली ठेवलीस. काल तरडगावहून निघताना ती पिशवी हातात आली आणि लग्नाच्या पहिल्या वर्षीची वारी आठवली.

तेव्हा पुण्याहून सासवडला निघालो होतो. वाटेतला सगळ्यात लांब टप्पा, त्यात अंगावर दिवेघाट. पाऊस येऊन गेला होता आणि मोजे ओलेच होते. हडपसर मागे पडल्यावर माझ्या टाचेला जळजळायला लागलं. मी काही बोलले नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, दिंडीत सगळे तुझ्या ओळखीचे, आणि ओळ मोडून बाहेर पडायचं म्हणजे मला अवघडल्यासारखं वाटत होतं. तू माझ्या चालण्यावरून ओळखलंस. हाताला धरून रस्त्याच्या कडेला नेलंस आणि म्हणालास, "बस, बघू."

टाच नुसती लाल झाली होती, फोड अजून आला नव्हता. तू तुझ्या उपरण्याने पाय कोरडा केलास, पट्टीची सुरकुती राहू नये म्हणून अंगठ्याने दाबत दाबत लावलीस आणि तुझे कोरडे मोजे मला दिलेस. जळजळ सुरू झाली की तिथेच थांबायचं, तेव्हा थांबलं तर फोड येत नाही, हे मी तिथे शिकले. दुसऱ्या पायाला मात्र उशीर झाला होता. तिथे चांगला मोठा, ताणलेला फोड होता. आपल्या दिंडीतल्या एका मावशींनी सुईदोरा काढला. फोडातून दोरा ओवून तो आतच ठेवायचा, ही त्यांची जुनी रीत. तू हात जोडून नको म्हणालास, कारण तोच दोरा आत घाण ओढून नेतो. सुई जंतुनाशकाने पुसून तू फोडाच्या कडेला, अगदी खाली, एक छिद्र पाडलंस, पाणी हळूहळू निथळू दिलंस आणि वरची कातडी तशीच राहू देऊन पट्टी बांधलीस. ती कातडी सोलली असती तर दुसऱ्या दिवशी पाऊल टाकता आलं नसतं.

तोवर आपली दिंडी कुठल्या कुठे गेली होती. आपण रथामागचे. समोरून एकेक दिंडी जात होती आणि पताकेजवळच्या पाटीवरचा आकडा वाढत चालला होता. प्रत्येक आकड्यासरशी माझा जीव खाली-वर होत होता. तू शांतपणे माझ्या बुटाची नाडी सैल करून परत बांधत होतास. "मुक्कामाला सगळे तिथेच येणार आहेत," म्हणालास. घाट आपण परक्या दिंडीतून चढलो. त्यांनी आपल्याला ओळीत घेतलं, माऊली म्हणून टाळही दिले. तुझा हात धरून चालायला मला तिथे पहिल्यांदा संकोच वाटला नाही.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते समाजआरतीबद्दल. आजही संध्याकाळी आरतीला उभी होते आणि सगळा वेळ तुझाच विचार मनात होता.

तुला आठवतं ना, ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला काही कळलं नव्हतं. पालखी तळावर आली, दिंड्या गोल उभ्या राहिल्या, हजारो टाळ एका वेळी वाजत होते. चोपदारांनी चोप वर केला आणि सगळं एकदम थांबलं. फक्त लांब कुठेतरी एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. मला वाटलं, त्यांना चोप दिसला नसेल. तू कानाशी येऊन सांगितलंस, "त्यांची तक्रार आहे. ज्यांची तक्रार असेल ते टाळ थांबवत नाहीत." चोपदार त्यांच्याकडे चालत गेले, त्यांचं ऐकून घेतलं, मग ते टाळ थांबले. त्यानंतर हरवलेल्या वस्तूंची यादी झाली, उद्या निघायची वेळ सांगितली आणि मग आरती. इतका मोठा समाज एका दिंडीसाठी ताटकळतो, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

हे तू घरी आणलंस. लेक सहा महिन्यांची झाली आणि माझी रजा संपत आली, तेव्हा घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की नोकरी मी सोडणार. कुणी मला विचारलंही नव्हतं. मी भांडले नाही, फक्त गप्प झाले. डब्यांची झाकणं मात्र जरा जोरात लागत होती. तू रात्री ओट्याजवळ येऊन उभा राहिलास. "टाळ वाजतायत," म्हणालास, "काय झालंय?"

मी बोलायला लागले ती बराच वेळ बोलत होते. तू मध्ये एक शब्द काढला नाहीस. माझी समजूतही घातली नाहीस. याचं मोल मला आज, इतक्या लोकांचे संसार चालता चालता ऐकल्यावर, जास्त कळतं. बहुतेक जणींच्या वाट्याला समजूतच येते. दुसऱ्या दिवशी तू कंपनीत पहिली पाळी मागून घेतलीस, म्हणजे दुपारी साडेतीननंतर तू घरी. आणि पाळणाघराचा फॉर्म भरताना 'अडचणीच्या वेळी प्रथम कोणाला कळवावे' या रकान्यात स्वतःचा नंबर लिहिलास. तिथल्या बाईंनी विचारलं, "आईचा नाही का?" तू म्हणालास, "तिचा खाली आहे." ते अक्षर, तो किंचित तिरका सात, माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. त्या दिवशी मला जसं वाटलं तसं आपल्या लग्नात, अक्षता पडताना, वाटलं नव्हतं.

तुझे टाळही मी ऐकले आहेत. बाबा गेल्यानंतर तू रात्री उठून त्यांची सायकल पुसत बसायचास. मी काही विचारलं नाही, फडकं घेऊन शेजारी बसले. तिसऱ्या की चौथ्या रात्री तू बोललास.

परवा चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व अगदी जवळून गेले. लेकीला हे दाखवायचं आहे. आईंना आता काठीने चालता येतं आहे आणि ताई नवमीला यायला तयार आहेत, असं तू फोनवर म्हणालास. एवढं तरी नीट ऐकू आलं. मग नवमीला दुपारपर्यंत वाखरीला या. गर्दीत फोन लागणार नाही, तेव्हा ट्रकवरचा दिंडीचा नंबर शोधा, तिथे मावशी असतील, त्या लेकीला सांभाळतील. तिच्या खिशात तुझा नंबर लिहून ठेव. माझाही, पण खाली. आणि येताना तुझे कोरडे मोजे दोन जोड जास्त आण, दशमीला पंढरपुरात आपण तिघं चालत जाऊ.