हिरवा म्हणजे हिरो, असं मला वाटलं होतं

आठ दिवस केरळला होतो पण मुन्नार, हाउसबोट वगैरे काही लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी बघितलेत आणि हाउसबोटीतलं जेवण आठवलं की अजून डोकं फिरतं. लिहायचंय ते त्रिशूरकडच्या एका देवळात बघितलेल्या कथकळीबद्दल, कारण तिथे मी बायकोसमोर रीतसर तोंडावर पडलो.

आदल्या दिवशी फोर्ट कोचीला पर्यटकांसाठीचा तासाभराचा शो बघून झाला होता. तिथे सुरुवातीला एक जण माइकवरून सांगतो की हिरवा चेहरा चांगला, काळा चेहरा राक्षस, आणि टाळ्या पडतात. मी ते पाठ केलं. तोच माझा सगळा अभ्यास.

देवळातला खेळ रात्रभराचा, 'दुर्योधनवधम्'. आम्ही संध्याकाळीच पोचलो म्हणून मेकअपच्या खोलीत डोकावता आलं, तिला तिथे अणियरा म्हणतात. खाली चटईवर एक माणूस उताणा झोपलेला, खरंच झोपलेला, मंद घोरत होता, आणि त्याच्या डोक्याशी मांडी घालून बसलेला दुसरा त्याच्या गालाच्या कडेनं पांढरी किनार चढवत होता. ही चुट्टी. तांदळाची पिठी आणि चुना कालवून एकावर एक थर देत कानापासून हनुवटीखालून दुसऱ्या कानापर्यंत कड उभी करायची, आणि बाहेरचा रुंद भाग हल्ली कागद कापून चिकटवतात. दोन-अडीच तास सहज जातात. मधेच हसला, बोलला की ओल्या थराला तडा जातो, त्यामुळे झोपलेला नट सगळ्यात सोयीचा. मी फ्लॅश मारून फोटो काढला आणि चुट्टीवाल्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी मोबाईल खिशात टाकला तो सकाळीच काढला.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. आम्हाला मराठीत बोलताना ऐकून म्हणाले, "कुठून, पुणे का?" तीस वर्षं डोंबिवलीत काढलेली, रिटायर होऊन गावी आलेले. मग काय, रात्रभराचा गाइडच मिळाला, आणि तोही फुकट. दगडावर एक जण पिवळी भुकटी खोबरेल तेलात घोटत होता, त्यांनी नाव सांगितलं मनयोला. वर्णन ऐकता ऐकता लक्षात आलं की अरे ही तर आपली हरताळ, पूर्वी पोथीत चुकलेलं अक्षर झाकायला फासायचे तीच, आर्सेनिकचं खनिज. त्यात निळा रंग मिसळला की हिरवा होतो. लाल रंग हिंगुळाचा.

तर झोपलेल्या माणसाचा चेहरा हिरवा. मी बायकोला अधिकारवाणीनं सांगितलं, "हा हिरो. भीम असणार किंवा कृष्ण." अंकल काही बोलले नाहीत. नुसतं हसले.

रात्री मोठ्या पितळी दिव्यासमोर दोन माणसांनी रंगीत पडदा आडवा धरला. मागून चेंडा नावाच्या ढोलाचा कडकडाट, आणि मग पडद्यामागून गुरगुराट. अक्षरशः घशातून काढलेली डरकाळी. पडद्याच्या वरच्या कडेवर नखं लावलेली बोटं आली, पडदा थोडा खाली, दोन लालबुंद डोळे, परत वर. असं बराच वेळ खेळवल्यावर पडदा खाली आला आणि समोर माझा हिरो. दुर्योधन.

बायको इतकी हसली की पुढच्या रांगेतल्या आजींनी वळून बघितलं.

अंकलनी मग नीट सांगितलं. "अहो, रंग मागून बघा. आधी नाक बघा." दुर्योधनाच्या नाकाच्या शेंड्यावर पांढरा गोळा होता, कपाळावर दुसरा, लिंबाएवढा नाही पण बोरापेक्षा मोठा. आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी गालावर चढत गेलेला लाल पट्टा, वर वळवलेल्या मिशीसारखा, पांढऱ्या रेघेनं बांधलेला. या पट्ट्याचा आकार सुरीच्या पात्यासारखा म्हणून या वेशाचं नाव कत्ती, म्हणजे सुरी. नुसता स्वच्छ हिरवा, कपाळावर नाम आणि नाकावर काही नाही, तो पच्चा. नल, अर्जुन, धर्मराज हे त्यात. दोघांचा मुकुट, घेरदार झगा जवळजवळ तोच, त्यामुळे लांबून किंवा पाठमोरा बघितलात तर फसणार.

मी विचारलं, मग दुर्योधनाला हिरवा दिलाच कशाला, सरळ काळा फासायचा ना? यावर ते जरा चिडलेच. राजघराण्यातला आहे, शूर आहे, तेवढा हिरवा त्याचा हक्काचा. लाल पट्टा म्हणजे त्याच्यावर चढलेली घमेंड. रावण, कीचक याच पंगतीतले. म्हणजे हिरवा रंग चांगुलपणाचा नाहीच, कुळाचा आणि दर्जाचा आहे. फोर्ट कोचीच्या माइकवाल्यानं हे सांगितलं असतं तर माझी अब्रू वाचली असती.

अजून एक खूण कानाला कळते. पच्चा पात्र तोंडातून आवाज काढत नाही, सगळं हातानं आणि डोळ्यानं. कत्तीला मात्र गुरगुरायची मुभा आहे. मी ती डरकाळी ऐकूनच ओळखायला हवं होतं.

पुढे दुःशासन आला तेव्हा ओळखायला काही त्रास नाही, दाढी लाल, मुकुट परातीएवढा, या प्रकाराला चुवन्न ताडी म्हणतात, म्हणजे लाल दाढी. पांढरी दाढी असली तर हनुमान, काळी असली तर शिकारी, किरात. कृष्ण आला तो पच्चा, नाक मोकळं, मुकुट मोरपिसांचा, आणि या वेळी बायकोनं माझ्या आधी ओळखला. द्रौपदी साध्या पिवळसर-गुलाबी चेहऱ्याची, दाढीबिढी, चुट्टी काही नाही. तो मिनुक्कु. ऋषीही त्यातच. पण अंकल म्हणाले, तिथे सावध राहायचं. पूतना सुंदर बाई होऊन गोकुळात जाते तेव्हा ती मिनुक्कुच असते, राक्षसिणीचा काळा करी वेश नसतो. चेहरा खोटं बोलतोय हे कथा माहीत असलेल्यालाच कळतं.

कोकणात आजोळी दशावतारात काळा संकासुर बघून मी आईच्या मागे लपायचो, तिथे हे असलं वाचन कधी करावं लागलं नाही. आला की कळायचं.

दोन वाजता मला झोप लागली, खुर्च्या म्हणजे प्लॅस्टिकच्या, पाठ पार गेली, आणि डासांनी पाय सोलून काढले. द्रौपदीचा अपमान झाला तेवढा सगळा मी झोपेत. पहाटे बायकोनं हलवून उठवलं ते भीम दुःशासनाची छाती फाडतो तेव्हा.

उजाडल्यावर परत अणियरात गेलो. दुर्योधन खाली बसलेला, चुट्टी एका ओढीत कागदासकट निघाली, मग खोबरेल चोळून जुन्या धोतराच्या तुकड्यानं तोंड पुसलं, हिरवं पाणी कानामागे ओघळलं. डोळे तसेच लाल. अंकलनी सांगितलं की वांग्याच्या जातीतल्या एका झुडपाच्या फुलातला बारीक दाणा तळहातावर चोळून पापणीत ठेवतात, आग होत नाही, लाली काही तास टिकते. त्या लाल डोळ्यांनी त्यानं माझ्याकडे बघितलं आणि चहाचा ग्लास पुढे केला. साखर फार होती. कानाच्या पाळीत अजून हिरवा रंग होता.