आमची वाटचाल : टेबलावरच्या चार ओळी

आमचा मूळ धंदा छपाईचा. मेनूकार्ड, बिलबुकं, पार्सलच्या पिशव्या, दारावर लावायचे फलक. मी आणि माझा भागीदार, हाताखाली दोघं जण, एवढाच पसारा. मजकूर गिऱ्हाइकाने द्यायचा, आम्ही मांडणी करून छापून द्यायचं, असा सरळ व्यवहार होता. कॅफेवाल्यांकडून त्यांच्या लॉयल्टी योजनेच्या, टेबलावर ठेवायच्या क्यूआर पोस्टरच्या ऑर्डरी येऊ लागल्या तेव्हाही आम्ही तेच केलं. पण या पोस्टरांची एक गंमत होती. काही दिवसांनी तोच मालक परत यायचा आणि म्हणायचा, ‘डिझाइन बदलून द्या, कोणी जॉइन होत नाहीये.’ रंग बदलायचा, फोटो बदलायचा, जॉइन होणाऱ्यांचा आकडा मात्र तिथेच. अडचण रंगात नसून ओळींत आहे हे आमच्या लक्षात आलं. तेव्हापासून आम्ही मजकूरही लिहायला घेतला. आज आमच्या बिलात ‘मजकूर लेखन’ ही वेगळी ओळ असते आणि काही महिने तीच छपाईच्या रकमेपेक्षा मोठी असते.

यात काय करावं लागतं ते एका कामावरून सांगतो. एका कॅफेच्या मालकीणबाईंनी दिलेला मजकूर असा होता : ‘आमच्या लॉयल्टी प्रोग्रॅममध्ये सहभागी व्हा आणि मिळवा आकर्षक लाभ! आजच स्कॅन करा. अटी लागू.’ वर मोठा लोगो, खाली कोपऱ्यात कोड.

आम्ही पहिला प्रश्न विचारला तो योजनेबद्दल नव्हता. टेबलावर बसलेला माणूस हे पोस्टर नेमकं कधी वाचतो, असं विचारलं. त्यांच्याकडे ऑर्डर टेबलावर घेतली जाते आणि बिल शेवटी येतं. म्हणजे वाचायची वेळ एकच, ऑर्डर देऊन झाल्यावर ती येईपर्यंतची. माणूस आधीच आत आलाय, बसलाय, ऑर्डरही दिली आहे. त्याला ‘या, सहभागी व्हा’ म्हणून बोलावण्यात अर्थ नाही. त्याने जी खरेदी आत्ताच केली आहे तिच्यातून त्याचं काहीतरी सुटतंय, एवढंच त्याला दिसायला हवं. म्हणून वरची ओळ झाली : ‘आजच्या कॉफीचा शिक्का घेतलात का?’

या ओळीत योजनेचं नाव नाही. त्यावर मालकीणबाई जरा नाराज झाल्या, कारण नाव त्यांनी हौसेने ठेवलं होतं. आम्ही ते खाली लहान अक्षरात घातलं. नाव कळल्याने कोणी फोन उचलत नाही, आज काय मिळतंय हे कळल्यावर उचलतो.

दुसरी ओळ योजनेची. मूळ योजना आठ कॉफींवर एक मोफत अशी होती आणि ती सुरू व्हायची होती. इथे आम्ही एक सुचवणी केली. कार्डावर दहा शिक्क्यांच्या जागा ठेवा आणि दोन शिक्के सुरुवातीलाच द्या. गिऱ्हाइकाला घ्याव्या लागणाऱ्या कॉफी तेवढ्याच, आठ. मालकाचा खर्चही तेवढाच. यामागे एक अभ्यास आहे. नुनेस आणि द्रेझ या संशोधकांनी 2006 मध्ये तो प्रसिद्ध केला. मोटारी धुण्याच्या एका केंद्रात त्यांनी 300 कार्डं वाटली. निम्म्यांवर आठ जागा होत्या आणि सगळ्या रिकाम्या. निम्म्यांवर दहा होत्या, त्यांतल्या दोन आधीच भरलेल्या. पहिल्या गटातल्या 19 टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यातल्या 34 टक्के लोकांनी. दोघांनाही आठ वेळाच यायचं होतं.

मालकीणबाईंनी विचारलं, ‘ही चलाखी नाही का?’ प्रश्न रास्त होता. आमचं मत असं की योजना नवी असेल आणि आठचा आकडा पोस्टरवर उघड लिहिलेला असेल, तर कोणाची फसवणूक होत नाही. पण आठची योजना आधीपासून चालू असेल आणि तुम्ही ती गुपचूप दहाची करून वर दोन ‘भेट’ दिलेत, तर जुन्या गिऱ्हाइकाला ते पहिल्याच दिवशी कळतं आणि तो काउंटरवर सगळ्यांसमोर विचारतो. तशी कामं आम्ही घेत नाही. म्हणून दुसरी ओळ आकड्यासकट लिहिली : ‘दोन शिक्के आमच्याकडून. आठ तुमचे झाले की पुढची कॉफी आमच्यातर्फे.’

तिसरी ओळ सगळ्यांत जास्त वेळ खाते, कारण ती माणसाच्या मनातल्या न विचारलेल्या शंकांची असते. स्कॅन केल्यावर ॲप डाउनलोड करायला लावतील का? किती रकाने भरायचे? नंबर दिला की रोज मेसेज येतील का? यांची उत्तरं कोडाच्या आधी मिळाली नाहीत तर फोन खिशातच राहतो. इथे लिहिलं : ‘फोनचा कॅमेरा कोडवर धरा. फक्त मोबाइल नंबर लागतो, ॲप नाही.’ आणि त्याखाली : ‘जाहिरातीचे मेसेज हवेत की नकोत, ते तुम्ही ठरवा.’ हे लिहिण्याआधी आम्ही कोड स्कॅन केल्यावर उघडणारं त्यांचं पान स्वतः पाहिलं. त्यावर नाव, वाढदिवस आणि ईमेलही मागितला होता आणि मेसेजच्या परवानगीच्या चौकोनात आधीच खूण होती. पोस्टरवर ‘फक्त नंबर’ आणि पानावर चार रकाने असं चालत नाही. रकाने काढले, खूणही काढली, मगच ओळ छापली. वाढदिवस नंतर, तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर विचारता येतो, तेव्हा लोक आपणहून देतात.

चौथी ओळ बहुतेक पोस्टरांवर नसतेच : ‘बिल देताना नंबर सांगा, शिक्का लागेल.’ कोड स्कॅन केला म्हणजे कार्ड उघडतं, पण कॉफी घेतली हे यंत्रणेला बिलावरूनच कळतं. काउंटरवरच्या मुलाने नंबर विचारला नाही आणि गिऱ्हाइकाला सांगायचं ठाऊक नसेल, तर आजचा शिक्का बुडाला. वरच्या ओळीतलं वचन खाली मोडलं. म्हणून या ओळीसोबत काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवायची एक पट्टीही आम्ही देतो. त्यावर एकच प्रश्न असतो : ‘शिक्क्यासाठी नंबर सांगता?’ ही पट्टी आम्ही फुकट देतो. तिच्याशिवाय पोस्टरचं श्रेय-अपश्रेय ठरवता येत नाही.

आता कोडाबद्दल थोडं, कारण मजकूर कितीही चांगला असला तरी कोड वाचलाच गेला नाही तर सगळं फुकट. स्कॅन करायचं अंतर कोडाच्या रुंदीच्या साधारण दहापट धरायचं, असा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशोब. टेबलावर फोन तीस-चाळीस सेंटिमीटरवर असतो, म्हणजे कोड तीन-चार सेंटिमीटरचा हवा. कोडाभोवती त्याच्याच चार चौकोनांएवढी पांढरी किनार मोकळी सोडावी लागते आणि डिझायनर मंडळी नेमकी तिथेच नक्षी घालतात. कोडात भरलेला पानाचा वेब-पत्ता लांबलचक असेल तर चौकोन बारीक होतात. सगळ्यांत लहान कोडात ते 21 बाय 21 असतात आणि पत्ता वाढेल तसे वाढत जातात. म्हणून पत्ता आखूड ठेवायचा आणि तो कॅफेच्या स्वतःच्या नावाच्या साइटवरचा असावा असा आमचा आग्रह असतो. एका गिऱ्हाइकाने बाहेरच्या सेवेचा फिरता कोड वापरला होता, म्हणजे आधी त्या सेवेच्या पत्त्यावर जाऊन मग कॅफेच्या पानावर पोचवणारा. वर्गणी संपली आणि सगळ्या टेबलांवरचे कोड एका सकाळी बंद पडले. स्वतःच्या साइटवरचा पत्ता असला की आतलं पान हवं तेव्हा बदलता येतं, पुन्हा छपाई लागत नाही. तोच पत्ता आम्ही कोडाखाली अक्षरांतही छापतो. कोणी मूळ कोडावर दुसरं स्टिकर चिकटवलं तर फोनवर दिसणारा पत्ता आणि छापलेला पत्ता जुळत नाही, हे सावध माणसाला कळतं.

आणखी एक भानगड. बऱ्याच कॅफेंत मेनूसाठी आणि पैसे भरण्यासाठीही टेबलावर कोड असतात. तीन कोड शेजारी असले की माणूस पहिला दिसेल तो स्कॅन करतो. पान भरपूर वेळा उघडलं गेलं पण नंबर फारच थोड्यांनी दिले, तर आमचा पहिला संशय यावरच असतो. उपाय साधा : कोडाच्या अगदी वर, किनारीबाहेर, ‘शिक्क्यांचा कोड’ एवढंच लिहायचं. मेनूचा कोड दुसऱ्या स्टँडवर ठेवायचा.

पोस्टर चाललं की नाही हे पाहायला आम्ही तीन आकडे मागतो : पान किती वेळा उघडलं, किती नंबर आले, आणि त्यांतल्या किती कार्डांवर पहिला खरा शिक्का लागला. समजा पान शंभर वेळा उघडलं, सत्तर नंबर आले आणि शिक्के दहाच कार्डांवर लागले. मग पोस्टरने आपलं काम केलं आहे, गळती काउंटरवर आहे. पान मुळात उघडलंच जात नसेल तर वरची ओळ बदलायची. दोन मजकूर ताडून पाहायचे असतील तर प्रत्येकाला वेगळा पत्ता देतो आणि एकाच दिवशी एकाआड एक टेबलांवर ठेवतो. या आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरा असं केलं तर गर्दीतला फरक मजकुराच्या खात्यावर जमा होतो. मध्यावर टेबलांची अदलाबदलही करतो, कारण खिडकीजवळ एकटे बसणारे जास्त वेळ थांबतात आणि जे हाती लागेल ते वाचतात. लहान कॅफेत आकडे लहानच असतात, तेव्हा दोन-चार नंबरांच्या फरकावरून निकाल द्यायचा नाही, हेही मालकाला आधीच सांगून ठेवतो.

मालकीणबाईंच्या कॅफेतला आमचा चार ओळींचा मजकूर अजून तसाच आहे. मधल्या काळात त्यांनी दुसरी जागा घेतली. तिथे ऑर्डर काउंटरवर देऊन, पैसे भरून मग बसायचं असतं. ‘तेच पोस्टर आणखी छापून द्या,’ असं त्या म्हणाल्या. आम्ही नाही म्हटलं, कारण तिथे माणूस पोस्टर वाचतो तेव्हा बिल झालेलं असतं आणि ‘बिल देताना नंबर सांगा’ या ओळीला काही अर्थच राहत नाही. त्यांच्या बिलिंगवाल्याशी बोलून प्रत्येक बिलावर सहा आकडी क्रमांक छापून घेतला आणि पानावर तो टाकायला एक रकाना वाढवला. नव्या पोस्टरची वरची ओळ आहे : ‘बिल फेकू नका, त्यावर तुमचा एक शिक्का आहे.’ दोन शिक्क्यांची आणि ‘फक्त मोबाइल नंबर’ची ओळ जुन्यातून घेतली, फक्त ‘आणि बिलावरचा क्रमांक’ एवढे शब्द वाढले. क्रमांक दिवस संपेपर्यंतच चालतो, म्हणून खाली ‘आजच टाका’ असंही आहे. पहिल्या खेपेला पोस्टरं कमीच छापली आहेत, कारण बिलाचा कागद पातळ आहे आणि क्रमांकाची अक्षरं अजून थोडी मोठी करून हवी आहेत.