जिथं ओरखडा नव्हता

आमच्या वाळवा तालुक्यात ऊसतोड सुरू झाली की फडांजवळ टोळ्यांच्या कोप्या पडतात. डिसेंबरात आशाताईंचा फोन आला, "सिस्टर, एका कोपीत सगळीच खाजवतायत, रात्रभर झोप नाही." रात्री वाढणारी खाज आणि घरातली सगळी माणसं म्हटल्यावर खरूजच. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, करदोड्याखाली पुरळ दिसलंही.

पर्मेथ्रिनचं मलम लोक खाजतं तेवढ्याच जागी लावतात आणि गुण येत नाही म्हणतात. ते मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा लावून रात्रभर ठेवायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, आणि आठवड्यानं पुन्हा. किडा मेल्यावरही खाज दोन-तीन आठवडे राहते, हेही आधीच सांगावं लागतं. कपडे गरम पाण्यात धुवा हे एका पिंपावर भागवणाऱ्या बाईला कसं सांगू? गोधड्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून चार दिवस बाजूला ठेवायला लावल्या. दिवस थंडीचे, म्हणून मुकादमाकडून चादरी मागून घेतल्या.

मग घरधन्याला सदरा काढायला लावला. हातांवर, पाठीवर नखांचे ओरखडेच ओरखडे. फक्त डाव्या दंडावर तळहाताएवढा फिकट चट्टा होता आणि त्यावर एकही ओरखडा नव्हता.

"इथं खाजत नाही?"

"न्हाई ताई. गजकर्ण हाय ते. मेडिकलातनं टूब आणलीय, वरीस झालं लावतोय."

गजकर्ण खाजतं, त्याची कडा उठलेली, खवलेदार असते. पण दुकानातून सर्रास मिळणाऱ्या स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबा त्याचं रूपच पुसून टाकतात, म्हणून नुसत्या दिसण्यावर मी जात नाही. अशा ट्यूबा चिठ्ठीशिवाय विकणाऱ्यांचा मला फार राग येतो.

त्याला कोपीमागं उजेडात नेलं. डोळे मिटायला सांगून पेनाचं टोक हलकेच टेकवलं, लागेल तिथं बोट ठेवायचं. चांगल्या कातडीवर बोट अचूक पडलं. चट्ट्यावर तीनदा टेकवलं. तो स्वस्थ बसून होता. मग म्हणाला, "ताई, सुरू केलं का?"

कोपराची नस जाड लागली नाही, करंगळीत जोर होता. वेळेत सापडलं होतं. केंद्रात डॉक्टरांनी कुष्ठरोगाचं निदान केलं आणि सहा महिन्यांचं औषध सुरू झालं, फुकट. लघवी लाल होईल, घाबरू नका, हे मी आधीच सांगितलं. घरच्यांची अंगंही तपासली, कुणाला चट्टा नव्हता.

टोळीत मी मोठ्यानं फक्त "खरूज" म्हटलं. खरूज खरोखर अंगाला अंग लागून पसरते, तरी तिच्यावर लोक हसले. दुसरं नाव कळलं असतं तर औषधाच्या पहिल्या डोसानंतर धोका जवळजवळ संपतो, हे कुणी ऐकून घेतलं नसतं. कोपी उठवली असती.

मार्चमध्ये टोळी गावी गेली. दोन महिन्यांची पाकिटं त्याला तिकडच्या केंद्रातून घ्यायची होती. मी कार्ड दिलं, तिथल्या सिस्टरना फोन केला. जाताना तो एवढंच म्हणाला, "त्यांना सांगा, घरी येऊ नका. मीच येईन."

मला मात्र नोव्हेंबर आठवतो. तेव्हा मी याच माणसाला कंदिलाच्या उजेडात, सदरा न काढता खाजेचं मलम देऊन पुढच्या कोपीत गेले होते.