ओढ्याच्या दोन बाजूंची शेती

माझ्या अशिलाला 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 142(1) खाली आलेल्या नोटिशीत अधिकाऱ्यांनी एकच मुख्य प्रश्न विचारला होता. 2021-22 या आर्थिक वर्षात 96 लाखांची जमीन विकली, मग विवरणपत्रात भांडवली नफा का नाही? अशिलाने पेन्शनचं उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरलं होतं आणि जमिनीचा उल्लेखच केला नव्हता. दुय्यम निबंधक कार्यालयाकडून व्यवहाराची माहिती आयकर खात्याकडे गेली, ती अशिलाच्या वार्षिक माहिती विवरणात दिसत होती, आणि केस तपासणीत निघाली.

अशील निवृत्त शिक्षक. त्यांना आम्ही सगळे गुरुजीच म्हणतो. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "मॅडम, सातबारा शेतीचा, पीक शेतीचं, गाव ग्रामपंचायतीचं. शेतजमिनीला कर नसतो ना?"

हे अर्धंच खरं आहे, आणि याच अर्ध्यावर विसंबून लोक अडचणीत येतात. कलम 2(14) मध्ये भांडवली मालमत्तेच्या व्याख्येतून वगळली आहे ती फक्त ग्रामीण शेतजमीन. नगरपालिका किंवा छावणी मंडळाच्या हद्दीत, जिथे लोकसंख्या 10,000 किंवा जास्त आहे, तिथली शेतजमीन शेतजमीन असूनही करपात्र मालमत्ता ठरते. हद्दीबाहेरही एक पट्टा कायद्याने आखून ठेवला आहे. शहराची लोकसंख्या 10,000 च्या वर ते 1 लाखापर्यंत असेल तर हद्दीपासून 2 किलोमीटर, 1 लाखाच्या वर ते 10 लाखांपर्यंत 6 किलोमीटर आणि 10 लाखांच्या पुढे 8 किलोमीटर. या पट्ट्यातली जमीनही ग्रामीण नाही. गाव ग्रामपंचायतीचं आहे, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. शेजारचं शहर कुठे संपतं, हे पाहावं लागतं.

गुरुजींनी तहसील कार्यालयातून एक दाखला आणून ठेवलाच होता. "सदर गाव नगरपरिषद कार्यालयापासून 5 कि.मी. अंतरावर आहे." सही, शिक्का, सगळं व्यवस्थित. असा दाखला मी फार वेळा पाहिला आहे आणि तो जोडून उत्तर पाठवणारेही पाहिले आहेत. तो या कामाला उपयोगी नाही, कारण त्यात दोन गोष्टी चुकीच्या मोजल्या जातात. एक, तो रस्त्याने मोजतो, तर 2013 च्या वित्त कायद्यानंतर, म्हणजे 2014-15 या आकारणी वर्षापासून, अंतर हवाई धरायचं असतं. दुसरं, तो कार्यालयाच्या इमारतीपासून मोजतो. कायद्याला हवी आहे नगरपरिषदेची स्थानिक हद्द, म्हणजे शहराची बाहेरची रेघ. आणि जमिनीच्या बाजूने हवी आहे ती विकलेल्या गटाची हद्द, गावठाणाची नव्हे.

नोटिशीतही एक चूक होती, पण ती उलट बाजूची. नगरपरिषदेची सध्याची लोकसंख्या 1 लाखाच्या वर गेल्याचं धरून अधिकाऱ्यांनी 6 किलोमीटरचा पट्टा लावला होता. कायद्यात मात्र आजची किंवा अंदाजे लोकसंख्या चालत नाही. ज्या जनगणनेचे आकडे संबंधित वर्षाच्या पहिल्या दिवसाआधी प्रसिद्ध झाले आहेत, तीच घ्यायची. 1 एप्रिल 2021 ला तशी शेवटची जनगणना 2011 ची होती आणि तिच्यात या शहराची लोकसंख्या 78 हजारांच्या आसपास. म्हणजे पट्टा 2 किलोमीटरचाच. जनगणनेच्या तक्त्याचं ते पान मी उत्तराला जोडलं. हा मुद्दा तिथेच संपला. जिल्ह्यातली दुसरी कोणतीही नगरपालिका किंवा महानगरपालिका आपला पट्टा टाकण्याइतकी जवळ नव्हती, हेही तपासून लिहिलं. हे तपासायला लोक विसरतात. जवळचं शहर छोटं म्हणून 2 किलोमीटर सुटलो असं वाटतं, आणि पलीकडच्या मोठ्या महानगरपालिकेचा 8 किलोमीटरचा पट्टा त्याच शेतावर पडलेला असतो.

उरलं मोजमाप. नगररचना विभागातल्या लिपिकाने कपाटातून हद्दीचा नकाशा काढून टेबलावर पसरला. गुरुजींचं गाव त्यावर शोधलं तर नगरपरिषदेची जाड तांबडी रेघ गावाच्या शिवाला जवळजवळ टेकलेली. विकलेले दोन्ही गट 2 किलोमीटरच्या पट्ट्याच्या आत जात होते. गुरुजी शेजारी उभे होते, त्यांनी काही न बोलता चष्मा काढून पुसला. मी नकाशाच्या कोपऱ्यातला तपशील वाचला. हद्दवाढीची अंतिम अधिसूचना जानेवारी 2022 ची होती. खरेदीखत मात्र सप्टेंबर 2021 मध्ये नोंदलं गेलं होतं.

हद्दवाढीची प्रक्रिया एका दिवसाची नसते. आधी प्रारूप अधिसूचना निघते, हरकती मागवतात, सुनावणी होते, मग अंतिम अधिसूचना राजपत्रात येते. इथे प्रारूप डिसेंबर 2020 मधलं, म्हणजे विक्रीच्या आधीचं. अधिकारी ते पुढे करू शकले असते. पण प्रारूपाने हद्द बदलत नाही, प्रस्ताव मांडला जातो इतकंच. जमीन ज्या दिवशी हस्तांतरित झाली त्या दिवशी हद्द कुठे होती, हा प्रश्न आहे. म्हणून मी जुना नकाशा आणि दोन्ही अधिसूचनांच्या प्रती रीतसर अर्ज करून मागितल्या. लिपिकाला हे कागद का हवेत ते नीट सांगितल्यावर त्यांनी जुन्या विकास योजनेची प्रतही शोधून दिली. त्यात हद्दीवरचे गट नंबर वाचता येत होते, आणि पुढचं सगळं मोजमाप त्यावरच उभं राहिलं.

विकलेले गट दोन. मोठा 1 हेक्टर 20 आरचा, ओढ्याच्या अलीकडे, गावाकडच्या बाजूला. लहान 40 आरचा, ओढ्यापलीकडे, शहराच्या दिशेने. भूमी अभिलेख कार्यालयातून दोन्ही गटांचे नकाशे काढले, सर्वेक्षकाला शेतावर नेलं, आणि जुन्या हद्दीच्या सगळ्यात जवळच्या बिंदूपासून प्रत्येक गटापर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर अक्षांश-रेखांशांसह काढून घेतलं. मोठ्या गटाचा हद्दीकडचा कोपरा 2.31 किलोमीटरवर आला, म्हणजे तो पूर्ण पट्ट्याबाहेर. लहान गट मात्र जवळच्या कोपऱ्यापासून लांबच्या बांधापर्यंत 1.78 ते 1.86 किलोमीटरमध्ये बसत होता.

हे गुरुजींना सांगणं मला जड गेलं. त्यांच्या घरातली शेती तीन पिढ्यांची. ते म्हणाले, "ओढ्याच्या अलीकडचं सोडून द्यायचं आणि पलीकडच्यावर कर भरायचा? एकाच नांगराने दोन्हीकडं नांगरलंय आम्ही." त्यांचं दुःख मला पूर्ण पटत होतं. पण कायदा मातीकडे पाहत नाही, रेघेपासूनच्या अंतराकडे पाहतो. एक खरेदीखत, एक किंमत, एक खरेदीदार असला तरी प्रत्येक तुकड्याची परीक्षा वेगळी. सर्वेक्षकाचा अहवाल अर्धा जोडून अर्धा लपवणं मी करणार नव्हते, आणि ते चाललंही नसतं. दोन्ही गट नंबर खरेदीखतात लिहिलेले होते.

मग लहान गटाचा हिशेब मांडला. खरेदीखतात दोन्ही गटांना एकरी एकच दर होता, त्यामुळे क्षेत्राप्रमाणे वाटणी केली. 1 हेक्टर 60 आरपैकी 40 आर म्हणजे चौथा हिस्सा, 24 लाख. जमीन वडिलोपार्जित, म्हणून खर्च म्हणून 1 एप्रिल 2001 चं वाजवी बाजारमूल्य घेतलं. मूल्यांककाने या तुकड्याचे 3 लाख काढले, आणि तो आकडा त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा जास्त नाही याची खातरजमा केली, कारण आता त्याच्या वर जाता येत नाही. 2021-22 चा महागाई निर्देशांक 317, 2001-02 चा 100. म्हणजे खर्च 9,51,000 आणि नफा 14,49,000. त्यावर तेव्हाच्या 20 टक्के दराने कर 2,89,800, उपकरासह 3,01,392, आणि व्याज वेगळं. दोन्ही गट करपात्र धरले असते तर नफाच 57,96,000 झाला असता. नवी शेतजमीन घेतली असती तर कलम 54ब ची सवलत मागता आली असती, पण पैसे मुलाच्या व्यवसायात गेले होते.

उत्तर पोर्टलवर गेलं आणि व्हिडिओ सुनावणी लागली. अधिकाऱ्यांनी अंतरावर फार वेळ घालवला नाही. त्यांचा रोख दुसरीकडे होता. खरेदीदार प्लॉटिंगचा व्यवसाय करतो, त्याने वर्षाच्या आत अकृषिक परवानगीसाठी अर्ज केला, मग ही शेतजमीन होती असं कसं म्हणता? त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या 1993 च्या सरिफाबीबी निकालाचा आधार घेतला.

तो निकाल मी मुद्दाम आधीच वाचून बसले होते, कारण तो नेहमी पुढे येतो. त्यात सातबाऱ्यावर शेती असूनही जमीन शेतजमीन मानली गेली नाही, हे खरं आहे. पण तिथे विकणाऱ्यांनीच कूळ कायद्याच्या कलम 63 खाली शेतीबाहेरच्या वापरासाठी विकण्याची परवानगी काढली होती, जमीन गृहनिर्माण संस्थेला गेली होती आणि दर चौरस यार्डावर ठरला होता. इथे गुरुजींनी कोणतीही परवानगी मागितली नव्हती. खरेदीदार स्वतः शेतकरी खातेदार होता, दर एकरी होता, आणि गाव नमुना 12 वर विक्रीच्या हंगामातलं सोयाबीन नोंदलेलं होतं. बियाणं-खताच्या पावत्या आणि बाजार समितीतल्या विक्रीच्या पट्ट्याही होत्या. खरेदीदाराने नंतर काय केलं, हे विकणाऱ्याच्या हातात नसतं. हे सांगताना मला पानापानाचा संदर्भ देता आला, कारण सगळे कागद तारखेच्या क्रमाने लावून ठेवले होते.

अधिकाऱ्यांनी एक नेमका प्रश्न विचारला. विक्रीआधीच्या वर्षी लहान गटावर पीक नव्हतं, ते का? गुरुजी स्वतः बोलले. "साहेब, ओढ्याला पूर आला आणि बांध वाहून गेला. त्या हंगामाला पडीक ठेवलं." तलाठ्याच्या नोंदीत ते पडीक म्हणून आलेलंच होतं. त्यावर पुढे प्रश्न झाला नाही.

आदेश फेब्रुवारी 2024 मध्ये आला. मोठा गट ग्रामीण शेतजमीन म्हणून मान्य झाला. लहान गटावर आम्हीच दाखवलेला 14,49,000 चा नफा धरला गेला आणि कमी उत्पन्न दाखवल्याबद्दल कलम 270अ खाली दंडाची कार्यवाही सुरू झाली. इथे थांबून चालत नाही. चुकीची माहिती दिल्याचा आरोप नसेल, कर आणि व्याज मागणीपत्राच्या मुदतीत भरलं आणि अपील केलं नाही, तर कलम 270अअ खाली दंडातून सूट मागता येते. त्यासाठी फॉर्म 68, तोही आदेश मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून एका महिन्यात. म्हणजे आमच्याकडे मार्चअखेरपर्यंत वेळ होता. गुरुजींनी मुदतठेव मोडून चलन भरलं, त्याच आठवड्यात मी फॉर्म 68 दाखल केला, आणि सूट मंजूर झाल्याचं पत्र त्यांच्या फाईलला लावलं.